मुलाखतीला कोणते घड्याळ घालावे? आकार, रंग, पट्टा आणि आवाज

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना घड्याळाचा प्रश्न दोनदा पडतो. पहिल्यांदा लेखी परीक्षेच्या वेळी, पण तिथे नियमच उत्तर देतो: केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षागृहात साधे मनगटी घड्याळ चालवतो, स्मार्टवॉच चालवत नाही. दुसऱ्यांदा हा प्रश्न मुलाखतीच्या आधी येतो आणि तिथे असा नियम नसल्यामुळे ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. कुणी म्हणते घड्याळ हवेच, कुणी म्हणते काळा पट्टाच हवा, तर कुणी मोठ्या भावाचे महागडे घड्याळ आणून देते.

घड्याळाला गुण नसतात, हे आधीच सांगून ठेवू. केंद्रीय नागरी सेवेची मुलाखत २७५ गुणांची असते आणि त्यातला एकही मनगटाकडे पाहून दिला जात नाही. घड्याळ नसले तरी काही बिघडत नाही. मात्र चुकीचे घड्याळ बोलणे चालू असताना मध्ये येऊ शकते. ते वाजते, टेबलावर आपटते, बाहीत अडकते किंवा हात हलला की चकाकते. म्हणून चांगले घड्याळ म्हणजे ज्याच्याकडे अर्ध्या तासात समोरच्यांचे आणि तुमचेही लक्ष जात नाही, असे घड्याळ.

आकार मनगटावरून ठरवा

दुकानात घड्याळाचा आकार मिलिमीटरमध्ये सांगतात. तो डबीचा व्यास असतो आणि त्यात किल्ली धरलेली नसते. पण घड्याळ हातावर मोठे दिसेल की नाही, हे व्यासापेक्षा दुसऱ्या मापावर जास्त अवलंबून असते. पट्टा जिथे अडकतो, त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. ती मनगटाच्या सपाट भागाच्या रुंदीपेक्षा स्पष्टपणे कमी हवी. टोके मनगटाच्या कडेपर्यंत पोचली किंवा बाहेर आली, तर घड्याळ दुसऱ्याचे मागून आणल्यासारखे दिसते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका उमेदवाराच्या मनगटाचा घेर १६ सेंटिमीटर आहे. शिंप्याच्या टेपने हे माप घरीच घेता येते. अशा मनगटाची वरची रुंदी साधारण सव्वापाच सेंटिमीटर भरते. मामाने भेट दिलेले घड्याळ ४४ मिलिमीटरचे, आत तीन छोट्या तबकड्या असलेले, १३ मिलिमीटर जाड आहे. त्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ५१ मिलिमीटर आहे, म्हणजे मनगट जवळपास पूर्ण व्यापले गेले. त्याऐवजी ३८ मिलिमीटरचे साधे तीन काट्यांचे घड्याळ घेतले, तर तीच लांबी ४५-४६ मिलिमीटरच्या आसपास येते आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा उरते. १५ ते १७ सेंटिमीटर घेराच्या हाताला ३५ ते ३९ मिलिमीटर पुरते. त्याहून रुंद मनगट असेल तर ४०-४१ चालेल. स्त्रियांसाठी २८ ते ३४ मिलिमीटरची घड्याळे सहज मिळतात, पण सडपातळ मनगटाच्या पुरुषाला जो नियम लागू आहे तोच त्यांनाही आहे. बाजारात ‘लेडीज’ लिहिले आहे की ‘जेंट्स’, याला अर्थ नाही.

जाडीकडे मात्र कुणी बघत नाही आणि खरी अडचण तिथेच होते. मुलाखतीचा शर्ट पूर्ण बाह्यांचा असतो. कफचे बटण लावल्यावर घड्याळ त्याच्या आत सरकले पाहिजे आणि हात पुढे केला की अर्धे बाहेर दिसले पाहिजे. १३ मिलिमीटरचे घड्याळ कफच्या कडेवर अडून बसते आणि बाही वर चढते. मग माणूस उत्तर देता देता बाही खाली ओढत राहतो. दहा मिलिमीटरच्या आतले घड्याळ सहसा अडत नाही. तयार शर्टाच्या कफला अनेकदा शेजारी शेजारी दोन बटणे असतात. घड्याळाच्या हाताला सैल पडणारे बटण लावा, दुसऱ्या हाताला घट्ट. शर्ट शिवून घेणार असाल तर माप देताना घड्याळ हातात घालूनच उभे राहा. टिळक रस्त्यावरचा असो की लक्ष्मी रस्त्यावरचा, जुना शिंपी हे न सांगताही विचारतो.

रंग आणि पट्टा

पांढरी, मोतिया, काळी किंवा गडद निळी तबकडी आणि स्टीलची डबी यांत चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी असते. सोनेरी रंग वाईट नाही, पण मग पट्ट्याचे बक्कल रुपेरी असेल तर ते खटकते. तबकडीवर हिरे दिसतील असे खडे नकोत.

आणि नामांकित परदेशी कंपनीची नक्कल तर मुळीच नको. फुटपाथवर काही शे रुपयांना मिळणारे, तबकडीवर लाखोंच्या घड्याळाचे नाव असलेले घड्याळ घालून लोकसेवेच्या मुलाखतीला बसणे म्हणजे बनावट माल हातावर बांधून कायद्याच्या अंमलबजावणीवर बोलणे. कुणी विचारलेच, तर खरे सांगितले तरी पंचाईत आणि खोटे सांगितले तर त्याहून मोठी.

पट्टा चामड्याचा घेतलात तर तो बूट आणि कमरेच्या पट्ट्याच्या रंगाचा असू द्या, काळ्याला काळा आणि तपकिरीला तपकिरी. छटा तंतोतंत जुळायची गरज नाही. नवा चामडी पट्टा कडक असतो आणि टोक उडून बाहेर येते, म्हणून आठवडाभर आधी रोज थोडा वेळ घाला. जुन्या पट्ट्याला घामाचा वास धरतो, पुण्यातल्या पावसाळ्यात तर लवकरच. तो नाकाजवळ नेऊन बघा. वास येत असेल तर फक्त पट्टा बदलून मिळतो, घड्याळ बदलावे लागत नाही. दुकानदाराला पट्ट्याची रुंदी सांगावी लागते. ती डबीच्या दोन टोकांच्या मधली जागा असते, बहुधा १८ किंवा २० मिलिमीटर.

धातूचा पट्टा तितकाच औपचारिक असतो, फक्त तो सैल नको. हात खाली सोडल्यावर घड्याळ तळहाताकडे घसरत असेल तर एखाददुसरी कडी काढून घ्या. बऱ्याच पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतात. कडीची पिन त्या बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची असते. उलट बाजूने ठोकली तर ती वाकते, म्हणून घरी सुई-हातोडी घेऊन बसू नका. घड्याळजी हे काम पाच मिनिटांत करतो.

आवाज: टिकटिक, टूंटूं आणि खणखण

लोक सर्वाधिक घाबरतात ते टिकटिकीला. खरे तर तिची भीती सर्वांत कमी बाळगायला हवी. सेलवर चालणाऱ्या काट्यांच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यावरून मोजून दर सेकंदाला एक विजेचा ठोका छोट्या मोटारीला मिळतो आणि मोटार सेकंदकाटा एक घर पुढे ढकलते. आपण ऐकतो ती त्या ढकलण्याची टिक. मोठी पोकळ डबी आणि आत लहानसे यंत्र असेल, तर ती जास्त घुमते. स्वस्तातली मोठी घड्याळे जास्त वाजतात त्याचे एक कारण हेच. चावीचे घड्याळ सेकंदाला पाच ते आठ वेळा वाजते, पण एकेक आवाज बारीक असतो.

हाताला बांधलेल्या घड्याळाचा आवाज दीड-दोन मीटरवर बसलेल्या सदस्यापर्यंत जवळपास पोचत नाही. तपासायचे असेल तर रात्री दहानंतर पंखा बंद करून घड्याळ हातात घाला आणि हात पूर्ण लांब करा. ऐकू आले तर ते घड्याळ बदला. मग तेच घड्याळ काढून स्टीलच्या ताटात ठेवा. आता टिकटिक कितीतरी मोठी वाटेल, कारण ताट सबंध कंप पावते. पातळ फळीचे टेबलही थोडेफार असेच वागते. म्हणून मनगट टेबलावर टेकवू नका आणि घड्याळ काढून समोर तर ठेवूच नका.

खरा धोका डिजिटल घड्याळाच्या तासाच्या टूंटूंचा आहे. गणित सोपे आहे. मुलाखत ३० मिनिटांची असेल आणि कधीही सुरू होणार असेल, तर तिच्यात पूर्ण तासाचा क्षण येण्याची शक्यता ६० पैकी ३०, म्हणजे निम्मी. नाणे उडवण्याइतकी. अभ्यासिकेत हे रोज दिसते: दहा वाजले की एक घड्याळ वाजते, दोन सेकंदांनी दुसरे, मग कोपऱ्यातले तिसरे, आणि कुणीच मान वर करत नाही. या सवयीमुळेच आपले घड्याळ वाजते हे आपल्याला ऐकूही येत नाही.

कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यू या विद्यार्थ्यांच्या आवडत्या मॉडेलमध्ये डावीकडचे खालचे बटण दाबून अलार्मच्या पडद्यावर जा. उजवीकडचे बटण एकेकदा दाबले की अलार्म आणि तासाचा इशारा यांची चिन्हे आळीपाळीने चालू-बंद होतात. दोन्ही चिन्हे गेली की थांबा. नंतर पुढचा तास उलटेपर्यंत घड्याळ जवळ ठेवून खरेच गप्प बसते का ते बघा, कारण नकली घड्याळांत बटणांचा क्रम वेगळा असू शकतो. हे घड्याळ मुलाखतीला चालते का? काटेवाले असेल तर ते बरे. नसेल तर फक्त यासाठी नवे घेण्याची गरज नाही. ते पातळ आहे आणि कफखाली जाते.

स्मार्टवॉच घरी ठेवा. आवाज बंद केला तरी ते टेबलावर थरथरते आणि हात उचलला की पडदा उजळतो. विमान मोड लावला तरी आतले अलार्म वाजतातच. तासभर प्रतीक्षागृहात बसल्यावर ‘उठून चाला’ अशी सूचनाही देते. शिवाय मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात तिथे तेही बहुधा काढून द्यावे लागते आणि मग वेळ बघायला काहीच उरत नाही.

खणखण ही स्त्री उमेदवारांची जास्त अडचण. धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आणि बांगड्या एकाच हातात असतील, तर प्रत्येक हातवाऱ्याला आवाज होतो आणि घड्याळाच्या काचेवर ओरखडेही पडतात. बांगडी दुसऱ्या हातात घाला, किंवा घड्याळाच्या हातात काहीच नको. अभिरूप मुलाखतीला हेच घड्याळ घालून बसा आणि मित्राला उत्तरांपेक्षा आवाजाकडे कान द्यायला सांगा.

आजोबांचे एचएमटी असेल तर

अनेक घरांत एचएमटीचे ‘जनता’ अजून चालू आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला या सरकारी कंपनीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची उपकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. लहान, पातळ, साधे असे हे घड्याळ मुलाखतीला उत्तम. दोन गोष्टी सांभाळा. त्याला रोज ठरावीक वेळी चावी द्यावी लागते. चावी द्यायला विसरलात तर ते थांबू शकते. आणि सरकारी उद्योग का बंद पडतात, हा प्रश्न त्याच्यावरून निघू शकतो, तेव्हा त्याचे उत्तर तयार असू द्या.

सेलचे घड्याळ असेल तर आठवडाभर आधी सेकंदकाट्याकडे मिनिटभर पाहा. काही घड्याळांत सेल संपत आला की काटा एकेक सेकंद न सरकता दोन किंवा चार सेकंदांची उडी घेतो. तसे दिसले तर त्याच दिवशी सेल बदलून घ्या.