काय विशेष?

काही वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या दिवसांत एक पालक शाळेत आले. दारातच त्यांनी "रामराम मास्तर" म्हटले आणि टोपी सारखी करीत उभे राहिले. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मान वर न करता मी म्हणालो, "काय काम आहे ते बोला." ते क्षणभर घुटमळले. "काही नाही, सहज आलो होतो," म्हणाले आणि गेले. जून उजाडला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत आली नाही. घरची अडचण सांगून वर्षभराची काही सोय होते का, एवढेच त्यांना विचारायचे होते, हे मला फार उशिरा कळले. त्यांचा रामराम मी घेतला नव्हता, म्हणून पुढचे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

तेव्हापासून या लहानशा रामरामाचा मी विचार करीत आलो आहे. कामापूर्वी नमस्कार कशासाठी? वेळेचा हिशेब केला तर तो निव्वळ अपव्यय. पण आपल्या पूर्वजांनी, कागद महाग आणि जासूद दमलेला असतानाही, हा अपव्यय कधी टाळला नाही.

पेशवाईतले एखादे पत्र पाहा. माथ्यावर 'श्री'. मग ज्याला लिहायचे त्याची बिरुदे: 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी'. मग लिहिणाऱ्याचे नाव आणि लगेच 'नमस्कार विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे'. इतके झाले की एकच शब्द येतो, 'विशेष'. या शब्दानंतर खरे पत्र सुरू होते. फौजेला पैसा नाही, शत्रू नदी उतरला, वसूल अडला, जे काही असेल ते 'विशेष'च्या पलीकडे. अलीकडे असतात ती फक्त दोन माणसे, एकमेकांची खुशाली विचारणारी. पत्र वाचणाऱ्या कारकुनाला तो शब्द म्हणजे घराचा उंबरठाच होता.

पण उंबरठ्याच्या अलीकडेही सगळे मोकळे नसते. 'नमस्कार' हा एक शब्द बदलला की सारे नाते बदलते. पेशवे होळकर-शिंद्यांना लिहीत तेव्हा 'आशीर्वाद' लिहीत. सरदार पेशव्यांना उत्तर देत ते 'आज्ञाधारक' म्हणवून आणि 'कृतानेक दंडवत विज्ञापना' करून. बाप मुलाला 'चिरंजीव' म्हणून आशीर्वाद देई, मुलगा वडिलांना साष्टांग नमस्कार घाली. आणि जिथे हुकूमच सोडायचा तिथे खुशालीचा प्रश्नच नसे. 'आज्ञा केली ऐसीजे' म्हटले की कागद थेट कामाला लागे. म्हणजे अभिवादन गाळणे हीसुद्धा एक भाषा होती. ज्याला नमस्कार नाही त्याचा होकार-नकार विचारात घ्यायचा नाही, असा तिचा अर्थ. उत्तरपत्रिकांवरून मान न उचलता मी जे बोललो, ते याच जातीचे होते.

या शब्दांची किंमत किती होती, याचा एक दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. 1779 साली तिथल्या कंपनी सरकारने सोनार समाजाला हुकूम काढून 'नमस्कार' या शब्दाने अभिवादन करण्याची मनाई केली. सोनार मंडळी आपण दैवज्ञ ब्राह्मण असल्याचे सांगत आणि ब्राह्मणांना तो दावा मान्य नव्हता. वाद यज्ञोपवीत, वेदाधिकार अशा मोठ्या गोष्टींचा. पण त्याची ठिणगी रस्त्यातल्या एका शब्दात होती. आजच्या वाचकाला हसू येईल. विलायतेहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या सरकारने, दोन माणसे भेटल्यावर काय म्हणावे यावर ठराव करावा! परंतु ज्यांनी आक्षेप घेतला त्यांना आणि ज्यांनी हट्ट धरला त्यांनाही एक गोष्ट नेमकी कळली होती. काम तोंडातून निघण्यापूर्वी आपण कोण हे ठरून जाते, आणि एकदा ते ठरले की पुढचे बोलणे मागणे ठरते की भीक, हेही ठरते.

खेड्यात याच्या दुसऱ्या टोकाला 'जोहार' होता. महाराने तो दुरूनच घालायचा. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाचे म्हणणे कितीही रास्त असले, तरी जोहाराने सुरू झालेले बोलणे गाऱ्हाण्याच्या सुरातच संपे. बाबासाहेबांच्या चळवळीत जोहार टाकून लोक 'जयभीम' म्हणू लागले, ते उगीच नव्हे. हक्क मागण्यापूर्वी तो मागणारा माणूस ताठ उभा राहायला हवा होता. वरून पाहता बदलला तो एक शब्द, पण मालकाने त्याला उत्तर काय द्यायचे, हा प्रश्न गावोगाव पडला.

मग असे एखादे अभिवादन आहे का, ज्याला जात नाही, वय नाही, आशीर्वाद-दंडवत नाही? आहे, आणि ते यंत्रातून आले. 1876 साली बेलने टेलिफोन केला. त्याच्या मनात पुकाऱ्यासाठी 'अहॉय' होते, खलाशांची हाक. एडिसनने 15 ऑगस्ट 1877 रोजी पिट्सबर्गच्या एका तारकंपनीच्या अध्यक्षाला पत्र लिहून कळवले, की घंटा बसवण्याची गरज नाही, 'हॅलो' ही आरोळी 10 ते 20 फुटांवरून ऐकू जाईल. म्हणजे हॅलो हा मुळात नमस्कार नव्हेच. तो 'कोणी आहे का तिकडे?' असा ओरडा होता. 1882 मध्ये मुंबईत टेलिफोन आला आणि त्याबरोबर हा शब्द. रावबहादूर असो की त्यांचा दिवाणजी, तारेवर दोघांनाही हॅलोच. पलीकडे कोण आहे हे दिसत नसल्यामुळे दर्जा ठरवायला जागाच उरली नव्हती.

शेग्लॉफ नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पोलिसांच्या दूरध्वनीवरची सुमारे 500 संभाषणे तपासून 1968 मध्ये निबंध लिहिला. ज्याने फोन उचलला त्याने आधी बोलायचे, हा नियम सर्वत्र पाळला गेला होता, एक संभाषण सोडून. तिथे फोन उचलून पलीकडचा गप्प राहिला, तेव्हा फोन करणाऱ्याने क्षणभर थांबून स्वतःच 'हॅलो' म्हटले. त्या एका अपवादावर त्याने सगळे कोडे सोडवले. घंटा ही हाक आहे, उचलणाऱ्याचा हॅलो ही ओ आहे. ओ आली नाही, म्हणून करणाऱ्याने पुन्हा हाक दिली. ओ मिळाल्यावाचून काम सांगता येत नाही. आणि ओ देणाराही एका अर्थाने बांधला जातो. हाक मारणाऱ्याला 'बोला' म्हणणे आता त्याच्याकडे लागते.

त्या पालकांची हाक मी ऐकली होती, पण तिला ओ दिली नाही. दंडवत-आशीर्वादाची उतरंड गेली ते बरेच झाले, हॅलोने सर्वांना एका पायरीवर आणले तेही बरे झाले. पण ओ देण्याचे काम कोणत्याही यंत्राने हलके केलेले नाही.

आपल्याकडे पाहुणा आला, पाणी झाले, पाऊसपाण्याचे बोलणे झाले, की यजमान हळूच विचारतो, "मग, काय विशेष?" जुन्या पत्रात 'विशेष' ज्या जागी येत असे, नेमक्या त्याच जागी. पाहुणा म्हणतो, "विशेष काही नाही," आणि मग जे सांगायला आलेला असतो ते सांगतो. आता माझ्या टेबलाशी कोणी आले की मी पेन खाली ठेवतो, रामराम घेतो आणि 'काय विशेष' विचारायला थोडा वेळ लावतो. ती मुलगी मात्र परत आली नाही.