भाकिताचा भार कोणावर?

‘नियत नायक’ म्हणजे ज्याच्या हातून विशिष्ट कार्य घडेल असे त्याच्या जन्मापूर्वीच घोषित झाले आहे, असा पुरुष. ती घोषणा म्हणजे भाकीत. भाकीत खरे ठरेपर्यंत इतरांची जी हानी होते तिला येथे ‘मूल्य’ म्हटले आहे, आणि नायक कार्यक्षम होईपर्यंत इतरांना जे करावे लागते त्याला ‘श्रम’.

या कथाबंधाचा विपर्यास दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात भाकीत खोटे ठरते किंवा नायक भलताच निघतो. हा प्रकार सुलभ आहे. पण त्यात वाचकाचे लक्ष नायकावरच खिळून राहते. दुसऱ्या प्रकारात भाकीत खरेच राहते, नायकही तोच राहतो. फक्त मूल्य कोणी दिले आणि श्रम कोणी केले, हे विचारले जाते. दुसरा प्रकार अधिक मूलगामी आहे. भागवताच्या दशम स्कंधातील कृष्णजन्माची कथा त्याच्या परीक्षणास घेता येते.

प्रथम मूल्य. देवकीचा आठवा गर्भ कंसाचा वध करील, एवढेच आकाशवाणीचे विधान आहे. ते ऐकताच कंस देवकीवर खड्ग उगारतो, आणि तिच्या प्राणांच्या बदल्यात वसुदेव होणारे प्रत्येक अपत्य देण्याचे वचन देतो. पहिला पुत्र कीर्तिमान. वसुदेव त्याला वचनाप्रमाणे घेऊन येतो, तेव्हा कंस त्याला परत पाठवतो. कारण भय आठव्यापासून आहे. म्हणजे मूळ भाकिताला पहिल्या सहांचा मृत्यू आवश्यक नव्हता. पुढे नारद येऊन देवांच्या योजनेची वार्ता कंसाला देतात. मग प्रत्येक अपत्यात कंसाला विष्णू दिसू लागतो. देवकी-वसुदेव बंदिवासात पडतात आणि सहा बालके मारली जातात. सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी जातो. तेव्हा मूल्याच्या कारणांत तीन घटक वेगळे काढले पाहिजेत: भाकीत, त्याच्या भीतीने झालेला करार आणि नंतर मिळालेली अधिक माहिती. सहा मृत्यू या तिसऱ्या घटकाच्या खात्यावर पडतात. ‘विधिलिखित होते’ म्हणून प्रकरण मिटवणारा वाचक हा भेद गमावतो.

मूल्याचा परीघ कुटुंबापुरता राहत नाही. वैरी अन्यत्र जन्मला आहे हे कळल्यावर कंसाचे मंत्री दहा दिवसांच्या आतली आणि त्याहून थोडी मोठी बालके मारण्याचा सल्ला देतात. त्या घरांची नावे कथेत येत नाहीत.

आता श्रम. पुत्रजन्मानंतर नंद मथुरेला कंसाचा वार्षिक कर भरायला जातो. म्हणजे नायकाला वाढवणारे गोकुळ त्याच्या शत्रूची तिजोरीही भरत असते. नंद परतण्यापूर्वीच पूतना येते. कृष्ण तिचे प्राण शोषून घेतो हे सर्वांना स्मरते. त्यानंतर व्रजवासी कुऱ्हाडींनी तिच्या प्रचंड देहाचे तुकडे करतात, ते दूर नेतात आणि लाकडे रचून जाळतात. पराक्रम एका बालकाचा, त्यानंतरची विल्हेवाट गावाची. पुनर्कथन करणाऱ्याने येथे थांबले पाहिजे: लाकूड कोणाच्या आवारातले, त्या दिवशी गाई कोणी राखल्या, हे प्रश्न मूळ कथेला न मोडता विचारता येतात.

भागवतकारांना ऋणाचे भान नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जन्माच्या वेळी वसुदेवाने मनाने दहा हजार गाई दान केल्या होत्या. कंसवधानंतर, पुत्रांच्या उपनयनप्रसंगी, तो ते दान आठवून पुरे करतो. देवकी सहा मृत पुत्रांना पाहण्याची मागणी करते. कृष्ण-बलराम त्यांना सुतलातून आणतात, ती त्यांना स्तनपान देते, आणि मग ते स्वर्गाला जातात. कुरुक्षेत्रात सूर्यग्रहणाच्या वेळी देवकी आणि रोहिणी यशोदेला आलिंगन देऊन तिचे ऋण फिटणारे नाही, असे सांगतात.

एक ऋण मात्र शिल्लक राहते. प्रसूतीच्या रात्री श्रम आणि निद्रा यांमुळे यशोदेला अपत्य झाल्याचे कळले, ते मुलगा की मुलगी हे कळले नाही. तिची मुलगी मथुरेला नेली गेली आणि कंसाने तिला शिळेवर आपटले. ती त्याच्या हातून निसटून देवीरूपाने प्रकटली, म्हणून कथेच्या दृष्टीने हानी झालीच नाही. देवी म्हणून मुलीची हानी नसेल. आई म्हणून यशोदेची आहे. कुरुक्षेत्रातील कृतज्ञतेतही त्या मुलीचा उल्लेख नाही.

दुसऱ्या प्रकारचा विपर्यास बहुधा येथेच फसतो. लेखक त्या मुलीलाच खरी नियत नायिका करतो, तिला गुप्त सामर्थ्य देतो आणि तिच्या हातून कंसाचा अंत घडवतो. मग मूल्य देणारी व्यक्ती पुन्हा नाहीशी होते आणि नायकाची जागा तेवढी दुसऱ्याकडे जाते. याची कसोटी अशी: भाकीत कथेतून काढून टाकले, तरी त्या पात्राची हानी हानीच राहते काय? कीर्तिमानाची राहते. यशोदेची राहते. सामर्थ्य दिलेल्या मुलीची राहत नाही. म्हणून पुनर्कथनाने यशोदेकडे जावे, आणि कुरुक्षेत्रात तिने विचारला नाही तो प्रश्न तिला विचारू द्यावा.