शोधवृक्षाची पूर्वक्रम साठवण

द्विमान शोधवृक्षातील नोंदी पूर्वक्रमाने, म्हणजे आधी मूळ, मग डावी व नंतर उजवी शाखा या क्रमाने, समान लांबीच्या अभिलेखांत द्विमान फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत (→ वृक्षभ्रमण). सी भाषेत यासाठी `fwrite` व `fread` ही फलने वापरतात. ती १९८९ च्या अमेरिकी सी मानकात समाविष्ट आहेत.

स्मृतीतील पत्ते पुढच्या वेळी निरर्थक ठरतात, म्हणून पॉइंटर लिहीत नाहीत. ४ बाइटची किल्ली व २८ बाइटचे नाव मिळून ३२ बाइटचा अभिलेख धरल्यास ५०, ३०, २०, ४०, ७० हा वृक्ष १६० बाइटमध्ये मावतो. वाचताना प्रत्येक नोंद रिकाम्या वृक्षात नेहमीप्रमाणे घालतात. पालक अपत्याआधी येत असल्याने मूळचाच आकार परततो. मध्यक्रमाने लिहिल्यास किल्ल्या चढत्या क्रमाने येतात आणि तीन पातळ्यांच्या वृक्षाची पाच पातळ्यांची साखळी होते (→ संतुलित वृक्ष).

फाइलची लांबी ३२ ने निःशेष भागली न गेल्यास शेवटचा अभिलेख अपुरा समजावा. वाचनाचे आवर्तन `feof` वर चालवल्यास ७० ही नोंद दोनदा हाती येते; त्यामुळे `fread` ने परत केलेली संख्याच तपासावी.