जर्मनीला शिकायला जाताय? स्वस्त आरोग्य विमा घेण्याआधी हे वाचा

वाशिमसारख्या जिल्ह्यातून जर्मनीत मास्टर्सला जाणाऱ्या मुलाच्या घरी आधी हिशोब होतो तो ब्लॉक्ड अकाउंटचा आणि विमानाच्या तिकिटाचा. विमा हा व्हिसाच्या फाइलमधला आणखी एक कागद समजला जातो. खरी अडचण इथूनच सुरू होते.

जर्मनीत आरोग्य विमा असल्याशिवाय विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही. 30 वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. 2025 मध्ये त्याचा हप्ता महिन्याला साधारण 145 युरो होता. खासगी विमा घ्यायचा असेल, तर सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते. ही सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. नेमकी हीच अट अनेकांना उशिरा कळते.

समजा, वाशिमचा 24 वर्षांचा एक मुलगा 10 सप्टेंबरला म्युनिकला पोहोचला. त्याचं सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होणार आहे आणि सार्वजनिक विमाही तेव्हाच लागू होईल. मधल्या तीन आठवड्यांसाठी त्याने प्रवास विमा घेतलाय. तो गरजेचाच असतो, व्हिसासाठीही लागतो.

तिथे कुणीतरी त्याला सांगतं, "महिना 40 युरोवाली पॉलिसी घे की!" वर्षाला 1,260 युरो वाचतात, म्हणून तो सूट घेतो. पण त्याला लहानपणापासून दमा आहे. अशा स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासून असलेले आजार बहुतेक वेळा वगळलेले असतात. डिसेंबरच्या थंडीत त्रास वाढून दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर काही हजार युरोंचं बिल त्यालाच भरावं लागू शकतं. मानसोपचार, बाळंतपण, नेहमीच्या तपासण्या याही अनेकदा नसतात. दाताचं म्हणाल तर फक्त दुखणं थांबवण्यापुरते उपचार.

सार्वजनिक विम्यात जुना आजार आड येत नाही. त्याला इनहेलरमागे साधारण 5 ते 10 युरो आणि दवाखान्यात दिवसाला 10 युरो भरावे लागले असते, बाकी खर्च विम्याचा.

अर्थात, हा विमाही सगळं देत नाही. मोठ्यांच्या चष्म्याचा खर्च नंबर खूप जास्त असेल तरच मिळतो. दाताच्या कॅपसाठी ठरलेली रक्कम मिळते, उरलेली खिशातून जाते. त्यामुळे चष्म्याची जास्तीची जोडी आणि दातांचं काम निघण्याआधी इकडेच उरकलेलं परवडतं. मृत्यू झाल्यास पार्थिव भारतात आणण्याचा खर्चही यात नसतो, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते.

वय 30 च्या पुढे असेल तर विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर मिळत नाही, नव्याने जाणाऱ्याला बहुतेक वेळा खासगीकडेच जावं लागतं. अशा वेळी पॉलिसीच्या कागदांत किंमत बघण्याआधी 'काय वगळलंय' तो भाग वाचावा, आणि आपल्या आजाराचं नाव घालून कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर मागून घ्यावं.