उत्तर कोणत्या भाषेत लिहू?

समजा, मेसेज येतो, ‘उद्याच्या डेमोची फाईल अपलोड’, आणि तिथेच थांबतो. पुढे ‘केलीये’ येणार होतं, ‘करशील का’ येणार होतं, की ‘डन फ्रॉम माय साइड’? वाक्य मराठीत सुरू झालं होतं हे ‘उद्याच्या’ आणि ‘डेमोची’ या शब्दांवरून कळतं, पण मधेच रूळ बदलून ते इंग्रजीत गेलं की मराठीतच राहिलं, हे सांगणारा शब्द आलेलाच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य त्याआधी तुटलं की भाषेचा सगळ्यात भक्कम पुरावाही तुटतो. मग उत्तर मराठीत द्यायचं की इंग्रजीत?

हा पेच मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. साधारण ३,४०० वर्षांपूर्वी इजिप्तच्या दरबारातल्या लेखनिकांसमोर तो मातीच्या पाट्यांवर येत होता. त्यातल्या तीन पाट्या आजही वाचता येतात, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की भाषा कशी लपते आणि कशी सापडते हे नीट दिसतं.

१८८७ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे स्थानिक लोकांना मातीच्या पाट्यांचा साठा सापडला. आज अशा सुमारे ३८० पाट्या माहीत आहेत. त्यातली बहुतेक पत्रं आहेत, आसपासच्या राजांनी आणि मांडलिकांनी इजिप्तच्या राजाला पाठवलेली. पाट्यांवरची लिपी कीलाक्षरांची, म्हणजे ओल्या मातीत बोरूचं टोक दाबून केलेल्या पाचरीसारख्या खुणांची. भाषा बहुतेक ठिकाणी अक्कडी, म्हणजे बॅबिलोनकडची. इजिप्तमध्ये ती कुणाचीच मातृभाषा नव्हती. पण वेगवेगळ्या देशांच्या दरबारांना एकमेकांशी बोलायला एक सामाईक भाषा लागायची आणि त्या काळात ती अक्कडी होती. त्यामुळे पाटी हातात आली की लेखनिक सहसा अक्कडीत वाचायला लागायचा आणि उत्तरही अक्कडीत द्यायचा.

पहिली पाटी अभ्यासकांच्या यादीत क्रमांक २४ वर आहे. ती मितान्नीचा राजा तुश्रत्त याने इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेपला लिहिली. मितान्नी म्हणजे आजच्या उत्तर सीरियाच्या भागातलं राज्य. पाटी भलीमोठी आहे, जवळपास ५०० ओळींची. पहिल्या ७ ओळींत नेहमीचा मायना आहे: कुणाकडून, कुणाला, मी कुशल आहे, तुमचं कुशल असो. हे सगळं स्वच्छ अक्कडीत. आणि मग, त्याच पाटीवर, त्याच लिपीत, मजकूर हुर्री भाषेत जातो आणि शेवटपर्यंत हुर्रीतच राहतो. हुर्रीचं अक्कडीशी काहीही नातं नाही.

आता कल्पना करा की ही पाटी आठव्या ओळीपाशी फुटली असती. उरलेला तुकडा कुणीही बिनदिक्कत ‘अक्कडी पत्र’ म्हणून नोंदवला असता, आणि त्यात काही गैरही नव्हतं, कारण तुश्रत्तची बाकीची पत्रं अक्कडीतच आहेत. मायना हा पाकिटावरच्या पत्त्यासारखा असतो. तो ठरलेल्या साच्यातून येतो, बोलणाऱ्याच्या मनातून नाही. आपणही ‘डियर सर’ लिहून पुढे मराठीत अर्ज लिहितोच. त्यामुळे सुरुवातीवरून भाषा ठरवली तर पत्र लांबलचक असूनही चूक होऊ शकते.

दुसऱ्या पाटीत, क्रमांक ३१ मध्ये, गोम याहून बारीक आहे. इथे भाषा ओळींच्या मधे बदलत नाही, ती शब्दाच्या मधेच बदललेली दिसते.

हे पत्र उलट दिशेचं आहे. तिसऱ्या आमेनहोतेपने ते आर्झावाच्या राजाला, तार्हुन्दराडूला लिहिलं. आर्झावा म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. विषय लग्नाचा. राजा म्हणतो, मी माझा दूत पाठवतोय, तो तुमची मुलगी पाहील आणि तिच्या डोक्यावर तेल ओतेल. सोबत सोन्याची एक पिशवी आहे. पण आधी कुशलवार्ता येते, आणि तिच्यातली चिन्हं उतरवली तर त्यांची रचना अशी दिसते: ‘ए-हिआ-मि’, ‘दम-मेश-मि’, ‘दुमु-मेश-मि’. यातलं ‘ए’ म्हणजे घर, ‘दम’ म्हणजे बायको, ‘दुमु’ म्हणजे मूल. हे तिन्ही शब्द सुमेरी आहेत. ‘हिआ’ आणि ‘मेश’ ही अनेकवचनाची चिन्हं, तीही सुमेरी. फक्त शेवटी चिकटलेलं ‘मि’ सुमेरी नाही आणि अक्कडीही नाही.

कीलाक्षरं मुळात सुमेरी लोकांची. इतरांनी ती उसनी घेतली तेव्हा बरेच शब्द चिन्हांसकट घेतले. लिहायचं सुमेरी आणि वाचायचं आपल्या भाषेत, अशी ही पद्धत. आपण ₹ हे चिन्ह पाहतो आणि ‘रुपये’ म्हणतो, तमिळ माणूस तेच पाहून ‘रूबाय’ म्हणतो, तसंच. पण नुसतं ₹ ५०० लिहिलेलं पाहून लिहिणारा कोण हे सांगता येत नाही. कुणी ₹ ५००चं असं लिहिलं, तर मात्र तो मराठी आहे हे एका ‘चं’वरून कळतं.

भाषा ओळखण्याची साधी पद्धत म्हणजे मोजणी. कोणत्या भाषेचे तुकडे मजकुरात जास्त, ती भाषा. या कुशलवार्तेतल्या नामांना ती पद्धत लावली तर उत्तर ‘सुमेरी’ येईल, आणि ते साफ चुकेल. इथे संख्येने जास्त असलेले शब्द मुके आहेत, आणि बोलतात ते शेपटाला लागलेले छोटे प्रत्यय.

नॉर्वेचे अभ्यासक क्नुडत्झोन यांनी नेमकी हीच शेपटं पकडली. त्यांच्या हातात मोठा आधार होता तो साच्याचा. अक्कडी पत्रांत कुशलवार्ता कशी असते हे माहीत होतं: आधी ‘माझं सगळं ठीक आहे’, मग ‘तुमचं सगळं ठीक असो’, आणि दोन्हीकडे घर, बायका, मुलं, घोडे अशी यादी. क्रमांक ३१ मध्ये पहिल्या यादीतल्या नामांना ‘मि’ लागतं आणि दुसऱ्या यादीत ‘ति’ लागतं. म्हणजे ‘मि’ माझं आणि ‘ति’ तुझं. दुसऱ्या यादीच्या आधी, जिथे ‘ठीक असो’ हवं तिथे, वाक्याच्या शेवटी एक क्रियापद आहे: ‘एस्तु’.

‘तथास्तु’ आणि ‘शुभमस्तु’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून थबकायला होतं. संस्कृतमधलं ‘अस्तु’ म्हणजे ‘असो’, आणि हे ‘एस्तु’ही तेच. १९०२ मध्ये क्नुडत्झोन यांनी पुस्तकच काढलं आणि मांडलं की ही भाषा इंडो-युरोपीय कुळातली आहे, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची नातलग.

त्यांच्यावर टीका झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःही दावा मागे घेतला. टीकाकारांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. हाताशी फक्त दोन पत्रं होती, आणि छोटे प्रत्यय योगायोगानेही जुळतात. तुर्की भाषेत ‘एव’ म्हणजे घर आणि ‘एविम’ म्हणजे माझं घर, तिथेही ‘म’ आहेच, पण तुर्की इंडो-युरोपीय नाही. मजकूर थोडा असला की ‘ही अक्कडी नाही’ एवढं खात्रीने सांगता येतं, ‘मग कोणती’ हे सांगायला आणखी पानं लागतात.

ती पानं १९०६ मध्ये मिळायला लागली. तुर्कस्तानात बोआझकोय इथल्या उत्खननात हित्ती राज्याची राजधानी आणि तिथलं प्रचंड दप्तर सापडलं. पाट्यांचे हजारो तुकडे निघाले, आणि त्यातले बरेचसे आर्झावाच्या पत्रांच्याच भाषेत होते. म्हणजे ती हित्ती राज्याची भाषा होती. १९१५ मध्ये चेक अभ्यासक ह्रोझनी यांनी तिचं व्याकरण उलगडून दाखवलं. त्यांची युक्तीही तीच: सुमेरी चिन्हाने लिहिलेला ‘भाकरी’ हा शब्द, त्याला लागलेला परका प्रत्यय आणि शेजारचा ‘वातर’, जो पाणी निघाला. क्नुडत्झोन बरोबर होते.

भाषा ओळखली, तरी सुरुवातीचा प्रश्न अर्धाच सुटतो. पत्र कोणत्या भाषेत आहे आणि उत्तर कोणत्या भाषेत हवं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आर्झावात लुवी ही भाषा बोलली जात असावी असं मानलं जातं. इजिप्तमध्ये इजिप्शियन बोलत. पत्रं मात्र हित्तीत, जी दोघांच्या घरची नव्हती. क्रमांक ३१ मधल्या हित्तीत काही जागा इतक्या अवघडलेल्या आहेत की ती लिहिणाऱ्याची सवयीची भाषा नव्हती हे जाणवतं. तरीही त्याने अक्कडीत लिहिलं नाही. का, याचं उत्तर तिसऱ्या पाटीत आहे.

क्रमांक ३२ ही आर्झावाकडून इजिप्तला आलेली पाटी. तिच्यावर मायनाच नाही. मोठ्या पत्राचा तो पुढचा भाग असावा आणि आधीचा भाग हरवला आहे. कोणतं पत्र आधीचं, ३१ की ३२, यावरही मतभेद आहेत. पण मजकूर स्पष्ट आहे. राजा म्हणतो की कल्बया नावाचा दूत सोयरिकीचं बोलला खरं, पण माझा त्याच्यावर भरवसा नाही, कारण ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. खरंच माझी मुलगी हवी असेल तर मी देईन. दूताला लवकर परत पाठवा आणि या विषयावर पाटीवर लिहून कळवा. मुलीचं लग्न, दोन राज्यांची सोयरीक, आणि सगळं अडलंय ते लेखी आणि समजेल अशा उत्तरावर.

राजाचं बोलणं इथे संपतं. त्याखाली वेगळा मजकूर आहे, राजासाठी नसलेला. आर्झावाचा लेखनिक थेट इजिप्तच्या लेखनिकाशी बोलतो. ही पाटी वाचणाऱ्या लेखनिकाचं देव रक्षण करोत, असा आशीर्वाद तो देतो. मग सांगतो, मला नीट लिही आणि खाली तुझं नाव घाल. आणि शेवटी सांगतो, इकडे येणाऱ्या पाट्या नेहमी ‘नेसुम्निली’त लिहीत जा.

पत्र राजांचं असलं तरी ते वाचायचं आणि समजावून सांगायचं काम या माणसाचं होतं. त्याला कोणती भाषा येते यावर सोयरीक पुढे सरकणार होती. त्याने समोरच्याला अंदाज करायला लावलं नाही, सरळ सांगितलं.

नेसुम्निली म्हणजे ‘नेसाच्या भाषेत’. नेसा हे हित्तींचं जुनं शहर, आणि आपण ज्या भाषेला हित्ती म्हणतो तिला ते स्वतः याच नावाने ओळखत. पाटी १८८७ पासून अभ्यासकांसमोर होती. ही भाषा कोणती, यावर वाद चालू असताना तिचं नाव त्याच पाटीच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं. ते वाचण्यासाठी मात्र आधी ती भाषा यावी लागत होती.