दिवसाची सून, रात्रीची विद्यार्थिनी

साल १८७३, महिना डिसेंबर. पुण्यातल्या एका भरल्या घरात तू नव्या लुगड्याचा बोंगा सावरत उभी आहेस. वय वर्षं अकरा. कालपरवापर्यंत तू देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना होतीस. आता सगळे ‘रमा’ म्हणतात. हाक ऐकली तरी ती आपल्यालाच आहे हे कळायला तुला क्षणभर उशीर होतो आणि तेवढा उशीर कुणीतरी टिपतंच.

तुझे यजमान महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे आहेत, सरकारी न्यायाधीश आहेत. त्यांची पहिली बायको नुकतीच, ऑक्टोबरात वारली. सुधारकांची अपेक्षा होती की त्यांनी विधवेशी लग्न करावं. वडिलांपुढे त्यांचं काही चाललं नाही, म्हणून तू इथे आहेस. हे तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. तू माजघरात शिरलीस की बोलणं थांबतं, एवढंच तुला कळतं.

संध्याकाळी वर बोलावणं येतं. जिन्यावर पाय जड होतात. ते रागावत नाहीत. शांतपणे विचारतात, माझं नाव ठाऊक आहे का? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात, हे तुला आईच्या घरी शिकवलेलं. आणि इथे नवराच विचारतोय. न सांगणं हा उद्धटपणा, सांगणं हा निर्लज्जपणा. तू कसंबसं पूर्ण नाव सांगतेस. मग ते विचारतात, लिहिता-वाचता येतं का? येत नाही. माहेरी मुलींच्या शिकण्याला थारा नव्हता. त्याच रात्री पाटी समोर येते आणि मुळाक्षरं सुरू होतात.

आपण आज ही गोष्ट एका उदार सुधारकाची म्हणून वाचतो, आणि ते उदार होतेच. पण पाटीच्या अलीकडच्या बाजूला बसलेल्या मुलीकडून बघितलं तर ती आणखी एक परीक्षा आहे, आणि परीक्षक तोच, ज्याच्यावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं.

सकाळी दुसरी परीक्षा. स्वयंपाकघरात शिरायचं ते सोवळ्यात; वाळत घातलेल्या सोवळ्याला ओवळ्याचा पदर लागला तर सगळं पुन्हा. पान मांडायचं तर मीठ वरच्या बाजूला मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. हे तुला माहेरीच येत होतं. पण प्रत्येक घराची एखादी वेगळी रीत असते, आणि ती रीत आधी कुणी सांगत नाही, चुकल्यावर सांगतात. “आमच्याकडे असं नसतं हो.” आवाज चढलेला नसतो. तरीही पुढच्या पानाशी पोचेपर्यंत तुझा हात कापायला लागतो, आणि हात कापतो म्हणून तूप सांडतं. भीती चूक घडवते, चूक भीती वाढवते. बायकांची पंगत बसते तेव्हा भूक मेलेली असते.

या दोन परीक्षा वेगवेगळ्या असत्या तर तू निभावलं असतंस. अडचण अशी की एकीत पास होणं म्हणजे दुसरीत नापास होणं. रात्री मोठ्याने वाचलंस की वर समाधान, खाली टोमणे. सासूबाई आणि वन्सं यांना वाटतं, ही पोर पुस्तक हाती धरून आपल्याला खिजवते. वाचन टाळलंस तर वरून नाराजी, तीही न बोललेली, म्हणून जास्त बोचणारी. दोघांनाही तू ‘नाही’ म्हणू शकत नाहीस. आणि वडिलांनी निघताना बजावलंय: सासरी कुणी काही बोललं तरी सोसायचं, नवऱ्यापाशी चहाडी करायची नाही. मनातलं बाहेर काढायची एकच वाट होती, तीही बुजली.

मग तू गप्प राहायला शिकतेस. सगळे म्हणतात, रुळली हो पोर. पण अंगातली धास्ती घराच्या सवयीने जात नाही, कारण ती नवखेपणाची नाहीच. ती दोन हुकमांच्या मधे उभं राहण्याची आहे.

पटत नसेल तर चल नऊ वर्षं पुढे, १८८२ मध्ये. तू विशीची आहेस. वाड्याची प्रत्येक रीत तुला तोंडपाठ आहे, हात कापत नाही. पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आहेत, आर्य महिला समाजाच्या सभा भरतात आणि तू तिथे जावंस अशी यजमानांची इच्छा आहे. घरातल्या थोरल्या बायकांना ते बाटल्यासारखं वाटतं. सभेहून परतताना उंबरा जवळ आला की पोटात तोच गोळा उठतो. फरक एकच: जिन्याखालचे टोमणे ऐकून घेऊन, उत्तर न देता, तू पुढच्या सभेलाही जातेस.