टेपसाठी टार, मोडेमसाठी आरसिंक: बॅकअपच्या दोन कमांडची गोष्ट

आजच्या भागात दोन कमांडचा इतिहास आहे: टार आणि आरसिंक. दोन्ही कदाचित तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, पण लिनक्सच्या जगात बॅकअपचा विषय निघाला की आजही यांचीच नावं येतात. इतिहास अशासाठी, की या कमांड आज जशा वागतात तशा का वागतात, हे त्यांच्या जन्मकथेत दिसतं. आणि ते कळलं की ठेवलेली कॉपी वेळेला परत येईल की नाही, याचाही अंदाज येतो.

१९७९: टेपवरची माळ

टार हे नाव 'टेप आर्काइव्ह'वरून आलं. बेल लॅब्समधून जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात ही कमांड होती. तेव्हा बॅकअप म्हणजे चुंबकीय टेप. जुनी गाण्यांची कॅसेट आठवा किंवा आईबाबांना विचारा: पाचवं गाणं हवं असेल तर पहिली चार ओलांडावीच लागतात. टेपवर उडी मारता येत नाही.

म्हणून टारची रचना माळेसारखी आहे. सुरुवातीला अनुक्रमणिका नाही. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटची एक चिठ्ठी असते आणि तिच्यामागे ती फाइल. चिठ्ठीवर फाइलचं नाव, आकार, शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, मालकाचा नंबर आणि परमिशन लिहिलेली असते. परमिशन म्हणजे कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं, त्याचा छोटा आकडा. उदाहरणार्थ `600` म्हणजे फक्त मालकाने वाचायचं आणि लिहायचं, बाकी सगळ्यांना दार बंद.

याचा एक मोठा फायदा आजही मिळतो. परमिशन चिठ्ठीवर लिहिलेली असल्यामुळे ती टार फाइलच्या पोटात असते. ती फाइल पेनड्राइव्हवर टाका, क्लाउडवर टाका, विंडोजच्या मशीनवर ठेवा, आतली चिठ्ठी बदलत नाही. तोटाही त्याच रचनेतून येतो. एका फाइलमधली एक ओळ बदलली तरी साधी टार पुन्हा सगळीच्या सगळी बांधायला घेते.

१९९६: मंद लाईनवरची युक्ती

आता थेट मोडेमच्या काळात येऊ. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. त्या लाईनवर २४ एमबीची एक फाइल पाठवायची तर साधारण साडेपाच तास लागणार, तेही मध्येच फोन कट झाला नाही तर.

हा २४ एमबीचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी जून १९९६ मध्ये आरसिंक जाहीर केलं. त्याच्या अहवालात त्यांनी एक चाचणी दिली होती: लिनक्स कर्नलच्या दोन आवृत्त्यांच्या दोन टार फाइल, प्रत्येकी साधारण २४ एमबी. जुन्या आवृत्तीतल्या २,४४१ फाइलींपैकी फक्त २९१ बदलल्या होत्या. मग बाकीच्या पुन्हा का पाठवायच्या?

पण अडचण अशी की बदल नेमका कुठे झाला हे शोधायला दोन्ही फाइल एकाच जागी लागतात, आणि एक इथे तर दुसरी तिथे. त्यांची युक्ती अशी होती. ज्याच्याकडे जुनी फाइल आहे तो तिचे सारखे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचा छोटा ठसा काढतो आणि फक्त ठसे पाठवतो. समोरचा आपल्या नव्या फाइलवर एकेक बाइट सरकत जातो आणि तोच ठसा कुठे जुळतो ते पाहतो. जुळला की तो सांगतो, "हा तुकडा तुझ्याकडे आहे, तोच लाव." जुळत नाही तेवढाच भाग लाईनवरून जातो. फाइलच्या सुरुवातीला एक शब्द घुसवल्यामुळे पुढचं सगळं सरकलं तरी फरक पडत नाही, कारण शोधणाराही सरकतच असतो.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो. तुम्ही एकाच मशीनच्या एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर आरसिंक केलं, तर ही तुकड्यांची युक्ती चालतच नाही, बदललेली फाइल पूर्ण कॉपी होते. कारण तिथे लाईन मंद नाही, हिशोब करत बसण्यापेक्षा कॉपी स्वस्त पडते. वेळ वाचतो तो पहिल्या गाळणीमुळे: फाइलचा आकार आणि वेळ दोन्ही जुळले तर आरसिंक ती उघडूनसुद्धा बघत नाही.

२००३: रोजची पूर्ण कॉपी, जागा फक्त बदलाची

आरसिंकने कॉपी हुबेहूब ठेवली, पण त्यातच धोका होता. आज चुकून डिलीट झालेली फाइल रात्री `--delete` लावलेल्या आरसिंकमुळे बॅकअपमधूनही जाते. कालची अवस्था हवी असेल तर काय?

२००३ च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्तीत `--link-dest` हा पर्याय मिळाला. समजा ठाकुर्लीत एक छोटा क्लास आहे आणि त्यांच्या सर्व्हरवर `/srv/class` मध्ये नोट्स, मुलांनी अपलोड केलेले गृहपाठ आणि दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याची एक एसएसएच की आहे. रोज रात्री रूट यूजरने हे चालवायचं:

```
rsync -aHAX --numeric-ids \
  --link-dest=../2025-07-24 \
  /srv/class/ /backup/2025-07-25/
```

कालच्या फोल्डरशी तुलना होते. बदललेली फाइल नव्याने लिहिली जाते. न बदललेल्या फाइलची कॉपी होत नाही, तिला नव्या फोल्डरमध्ये फक्त दुसरं नाव मिळतं. यालाच हार्ड लिंक म्हणतात. उघडून पाहिलं तर प्रत्येक तारखेचं फोल्डर पूर्ण दिसतं. क्लासचा डेटा ४० जीबी असेल आणि रोज २०० एमबी बदलत असेल, तर ३० दिवसांच्या फोल्डरना १,२०० जीबी लागत नाहीत, ४६ जीबीच्या आसपास काम होतं.

पण तीस नावं म्हणजे तीस कॉपी नव्हेत. न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच आहे. तो सेक्टर खराब झाला तर तिसही तारखांना ती खराब निघणार. शिवाय डिस्क त्याच खोलीत असेल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातही सखल भागातले तळमजले पाण्याखाली गेले. टेबलावरचा सर्व्हर आणि कपाटातली बॅकअप डिस्क दोघंही एकाच पाण्यात असतात. म्हणून एक टार फाइल गावाबाहेर, समजा पुण्याला, जायलाच हवी.

परमिशन कुठे हरवते

याच क्लासने बॅकअपची डिस्क दुकानातून आणली तशीच लावली, तर ती बहुधा एक्सफॅट असते. एक्सफॅटवर लिनक्सचा मालक आणि परमिशन ठेवायला जागाच नाही, हार्ड लिंकही नाही. आरसिंक फाइली तर पोचवतं, पण मालक बदलता आला नाही अशा तक्रारी करतं आणि सहसा `23` हा कोड देऊन संपतं. रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या कामात तो कोड कोण बघतंय? फोल्डर उघडलं की फाइली दिसतात, सगळे खूश.

भांडं फुटतं ते रिस्टोर करताना. सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. मग वेबसाइट उघडते, पण गृहपाठ अपलोड होत नाही, कारण वेबसर्व्हरला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. एसएसएच कीही सगळ्यांना वाचता येते. डेटाचा एक बाइटही हरवलेला नाही, तरी क्लास बंद. उपाय दोन: डिस्क `ext4` करून घ्या, किंवा एक्सफॅटवर टार फाइल ठेवा, चिठ्ठी तिच्या पोटात सुरक्षित राहते.

परत आणून बघा

आता चाचणी. चालू फोल्डरला हात लावायचा नाही. बॅकअप वेगळ्या जागी उघडायचा आणि मग आरसिंकलाच तुलना करायला लावायची:

```
sudo mkdir /restore
sudo tar --numeric-owner -xzpf class.tar.gz -C /restore
sudo rsync -aHnci --numeric-ids --delete \
  /backup/2025-07-25/ /restore/class/
```

टार आणि तुलनेचं फोल्डर एकाच रात्रीचं घ्या, नाहीतर नंतरचे खरे बदलही फरक म्हणून दिसतील. `n` म्हणजे काहीही बदलू नकोस, `c` म्हणजे वेळेवर विश्वास न ठेवता आतला मजकूर तपास, `i` म्हणजे फरक छापून दाखव. स्क्रीनवर काहीच आलं नाही तर उत्तम. पण अशी ओळ आली तर?

```
.f...pog... keys/id_ed25519
```

पहिला टिंब म्हणजे मजकूर पाठवायची गरज नाही, तो तसाच आहे. `p`, `o`, `g` म्हणजे परमिशन, मालक आणि गट तिन्ही वेगळे. वर सांगितलेला बिघाड तो हाच, फक्त आता तो तुम्हाला शांतपणे सापडला. `sudo` विसरलात तर मालकाचा फरक दिसणारच नाही, हेही लक्षात ठेवा. ही तुलना झाली की साइट त्या कॉपीवरून खरंच सुरू करा, एक गृहपाठ अपलोड करा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. आणि डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली अशा उचलू नका. त्याची स्वतःची डंप कमांड वापरा आणि तो डंप बॅकअपमध्ये घ्या.

पण डंपचीही परीक्षा लागते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं. रोजचे डंप ठेवायची जागा उघडली तर ती रिकामी. डंपचं सॉफ्टवेअर ९.२ आवृत्तीचं चालत होतं आणि डेटाबेस होता ९.६ चा, म्हणून डंप रोज फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. त्यांना वाचवलं ते दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर अहवालात लिहिलं.

त्या डंपपैकी एक जरी महिनाभर आधी कुणी उघडायला गेलं असतं, तर जागा रिकामी आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हा या रविवारी तुमच्या बॅकअपमधलं एकच फोल्डर `/restore` मध्ये उघडा, वरची तुलना चालवा, आणि काय छापून आलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!